एक अर्ज, पाच मेल आयडी: सीसी-बीसीसीच्या घोळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगा पाचोऱ्याकडचा, डिप्लोमा करून मग बीई मेकॅनिकल, जळगाव एमआयडीसीत एका प्लॅस्टिक पाईपच्या कारखान्यात क्वालिटीला तीन वर्षं. त्याला इथे सुनील म्हणते, नाव खरं नाही आणि कंपनीचं नाव तर टाकतच नाहीये. पगार वर्षाला 3.4 लाख, काम म्हणजे पाईपची प्रेशर टेस्ट, भिंतीची जाडी मोजणं, दाण्याचा मेल्ट फ्लो तपासणं आणि रिजेक्शन का वाढलं म्हणून शिव्या खाणं. त्याला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत जायचं होतं, आणि अशी एक कंपनी होती जिचे दोन प्लांट होते, एक चाकणला नि एक नाशिकला.

जाहिरात चाकणची होती, क्वालिटी इंजिनियर, खाली एका मॅडमचं नाव आणि मेल. त्यांना आपण 'अ' मॅडम म्हणू. पण सुनीलच्या मनात नाशिक, कारण पाचोऱ्याहून नाशिकरोडला सरळ रेल्वे आहे, वडलांची कपाशी आहे, आणि वडील घरात एकच सांगत होते, "नाशिक भेटनं ते बरं व्हई." मग याने गावातल्या एका ओळखीच्या काकांकडून नाशिक प्लांटच्या एचआर सरांचा मेल मिळवला (ते 'ब' सर), लिंक्डइनवर शोधून पुण्याच्या हेड ऑफिसातले भरतीचे मोठे साहेब काढले ('क' सर), कंपनीच्या साईटवरचा करिअरचा कॉमन आयडी घेतला, आणि व्हॉट्सॲपवर कोणीतरी फॉरवर्ड केलेला पाचवा एक आयडी, ज्याच्यावर लिहिलं होतं 'याच कंपनीचं हायरिंग बघतात'.

माझा यात संबंध एवढाच की मी पूर्वी पुण्यात भरतीच्याच कामात होते, आता जळगावला असते, आणि सुनील माझ्या भावाचा मित्र आहे. मेल गेल्यावर त्याने मला विचारलं, आधी नाही.

मेल कसा गेला

मित्राने सल्ला दिला होता की पाचही नावं समोर दिसली तर वाईट दिसतं, बीसीसी टाक भो, कोणाला कळत नाही. म्हणून त्याने 'टू'मधे अ मॅडम ठेवल्या आणि बाकी चारही आयडी बीसीसीत. मजकूर एकच, वर 'आदरणीय मॅडम', खाली रेझ्युमे. बुधवारी संध्याकाळी पाठवून दिला.

मित्राचा सल्ला अर्धा बरोबर होता हे मान्य करायला पाहिजे. पाचही जण सीसीत दिसले असते तर वेगळाच त्रास झाला असता. मी त्या बाजूला बसलेली आहे म्हणून सांगते, आपल्याबरोबर अजून चार सहकारी दिसणारा अर्ज आला की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. पंगतीत पाच वाढप्यांना एकदम मठ्ठा आणा म्हटलं की एकही आणत नाही, तसं. त्यातून मोठ्या साहेबांचं नाव दिसलं तर खालची माणसं आणखी गप्प बसतात, साहेबांनी काही म्हटलं तर बघू म्हणून.

पण बीसीसी म्हणजे 'कळत नाही' हे काही खरं नाही. बीसीसीतलं नाव बाकीच्यांना दिसत नाही, एवढीच त्याची हमी, आणि ती पण मेल पाठवताना. ज्याला बीसीसीत मेल गेला त्याने 'रिप्लाय ऑल' दाबलं की त्याचं उत्तर पाठवणाऱ्याला जातं आणि 'टू' व 'सीसी'मधे दिसणाऱ्या सगळ्यांना जातं. बाकीच्या बीसीसीवाल्यांना जात नाही, पण दिसणाऱ्यांना जातंच. म्हणजे लपवलेला माणूस स्वतःच आपल्या हाताने बाहेर येतो.

अडचण

गुरुवारी सकाळी नेमकं तेच झालं. नाशिकच्या ब सरांनी उत्तर दिलं आणि सवयीने रिप्लाय ऑल केलं. दोन ओळी होत्या: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड कळवा आणि नाशिक चालेल का. सुनील आधी खूश झाला, मग त्याने वर बघितलं तर त्या उत्तरात अ मॅडमचा आयडी पण होता.

आता अ मॅडमच्या बाजूने बघा. त्यांना बुधवारी जो मेल आला त्यात फक्त त्यांचं नाव, 'आदरणीय मॅडम', चाकणच्या जागेसाठी. दुसऱ्या दिवशी त्याच मेलवर नाशिकच्या सहकाऱ्याचं उत्तर येतं, ज्याचं नाव मूळ मेलमधे कुठेच नव्हतं. बरं, यात गुन्हा काहीच नाही, लोक दोन ठिकाणी अर्ज करतातच. खटकतं ते वेगळं, की आपल्याला एकटीलाच लिहिल्यासारखं दाखवलं आणि मागून आणखी कोणाकोणाला पाठवलं, मग या मुलाने आणखी काय काय लपवलं असेल.

दुसरी गोष्ट उमेदवारांना सहसा माहीत नसते. अशा कंपन्यांत अर्जांची एक सिस्टीम असते, तिथे उमेदवाराचं एक प्रोफाईल बनतं, मेल आयडी नि मोबाईल नंबरवरून जुळतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याच प्रोफाईलखाली सगळ्या रिक्रूटरच्या नोंदी दिसतात. चाकणवाल्याला एक पगार सांगितला आणि नाशिकवाल्याला दुसरा, तर ते दोन आकडे शेजारी शेजारी बसतात. सुनील नेमकं तेच करणार होता. साईटवरच्या फॉर्ममधे त्याने अपेक्षा 5 लाख भरली होती, आणि नाशिक घराजवळ पडतं म्हणून ब सरांना 4.5 लिहिणार होता.

तिसरी भानगड दुपारी आली. तो पाचवा आयडी कंपनीचा नव्हताच, पुण्याच्या एका कन्सल्टन्सीचा होता. हे आयडीतल्या '@' च्या पुढे बघितलं असतं तरी कळलं असतं, पण घाईत कोण बघतं. तिथून फोन आला, "तुमची प्रोफाईल आम्ही सबमिट करतो, फक्त मेलवर ओके लिहून पाठवा." सुनीलला वाटलं चांगलंच आहे, अजून एक माणूस आपल्यासाठी धावतोय.

तेव्हा कुठे त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. "ताई, आता कसं करू वं?"

कोणते पर्याय होते

पहिला त्याच्याच मनातला. फक्त ब सरांना उत्तर द्यायचं, अ मॅडमचं नाव काढून टाकायचं, जणू काही झालंच नाही. मला हा सगळ्यात वाईट वाटला. मॅडमनी ते उत्तर वाचलेलं असणार किंवा वाचणार, आणि आता त्यांना धाग्यातून काढणं म्हणजे दुसऱ्यांदा लपवणं, तेही पहिलं उघडं पडल्यावर.

दुसरा, पाचही जणांना सीसीत टाकून माफीचा मेल. हा त्याच्या मित्राचा. यात प्रामाणिकपणा आहे पण अक्कल कमी आहे, कारण क सर आणि कॉमन आयडीवाल्यांनी काहीच उत्तर दिलेलं नव्हतं, त्यांनी मेल उघडला की नाही हेही माहीत नाही. ज्यांना घोळ झालेला ठाऊकच नाही त्यांच्यापुढे आपणच जाऊन घोळ सांगायचा, आणि त्यात रिक्रूटरांचे मोठे साहेब. ब सरांचं रिप्लाय ऑल साहेबांसमोर मांडलं गेलं असतं ते वेगळंच.

तिसरा, अ मॅडमना वेगळा मेल, ब सरांना वेगळा. हा वाईट नव्हता आणि मी थोडा वेळ यावरच होते. अडचण एवढीच की दोघं एकाच कंपनीतले, एकमेकांशी बोलणार, आणि दोन मेलमधे शब्द जरा जरी वेगळे पडले तर परत तेच, एकाला एक नि दुसऱ्याला एक.

चौथा, ब सरांच्याच मेलला रिप्लाय ऑल करायचं, अ मॅडम ज्या जागी आहेत तिथेच राहू द्यायच्या, आणि एका वाक्यात सांगून टाकायचं की दोघांनाही पाठवलंय आणि का. त्या धाग्यात मॅडम आधीच होत्या, म्हणजे उघडं बोलण्याची वेगळी किंमत काहीच लागणार नव्हती.

सुनीलला भीती होती की मॅडम चिडल्या तर चाकण गेलं. असू शकतं, मी त्याला नाही म्हटलं नाही. पण गप्प बसून चाकण वाचेल असंही काही नव्हतं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. ब सर 'टू'मधे, कारण प्रश्न त्यांनी विचारला होता आणि उत्तर त्यांना हवं होतं. अ मॅडम सीसीत, कारण त्यांना माहीत असायला हवं होतं पण त्यांनी लगेच काही करायचं नव्हतं. टू आणि सीसीतला फरक एवढाच आहे खरं तर, ज्याने काहीतरी करायचंय तो टूमधे आणि ज्याला नुसतं ठाऊक असावं तो सीसीत, बाकी मानापमान त्यात बघू नये. (आपल्याकडे सीसीत टाकलं की राग येणारी माणसं आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलंय.)

मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"नमस्कार सर, उत्तराबद्दल धन्यवाद. सध्याचा पगार वर्षाला 3.4 लाख, अपेक्षा 5 लाख, नोटीस 60 दिवस. नाशिक चालेल, घर पाचोऱ्याला असल्याने नाशिकला माझी पहिली पसंती आहे. चाकणच्या जाहिरातीसाठी मी अ मॅडमना अर्ज केला आहे आणि तोच मेल तुम्हालाही बीसीसीत पाठवला होता, हे दोघांना आधीच सांगायला हवं होतं. मॅडम सीसीत आहेत. दोन्हीपैकी कुठल्या जागेसाठी माझा विचार व्हावा हे तुम्ही दोघं ठरवाल तसं."

शेवटचं वाक्य मी काढायला सांगत होते, जरा लाचार वाटतं म्हणून, पण त्याने ठेवलं आणि नंतर बघता ते बरं झालं. 'क्षमस्व' वगैरे दोन-तीन ओळी मात्र कापल्या. एक वाक्य पुरे असतं, जास्त माफी मागितली की समोरच्याला वाटतं काहीतरी मोठं झालंय.

पगाराचा आकडा 5 लाखच ठेवला, फॉर्ममधे होता तोच. नाशिकसाठी कमी चालेल हे बोलणीत सांगता येतं, लिहून नंतर वर जाता येत नाही.

क सरांना आणि कॉमन आयडीला काहीच पाठवलं नाही. इथे सुनील अडला होता, म्हणे त्यांनापण सांगावं ना. पण त्यांच्याकडून उत्तर आलं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं, आणि साहेबांना मधेच आणणं हे कोणाचीतरी तक्रार केल्यासारखं दिसतं.

कन्सल्टन्सीला फोनवर नाही, मेलवर कळवलं, की या कंपनीत मी स्वतः थेट अर्ज केलाय, कृपया इथे माझी प्रोफाईल सबमिट करू नका, दुसरीकडे काही असेल तर जरूर सांगा. हा छोटा मेल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कन्सल्टन्सीमार्फत उमेदवार घेतला तर कंपनीला फी द्यावी लागते, साधारण उमेदवाराच्या एका महिन्याच्या पगाराएवढी किंवा जास्त, आणि एकदा त्यांनी तुमची प्रोफाईल टाकली की ठरलेल्या मुदतीपर्यंत, बरेचदा सहा महिने ते वर्षभर, तुम्ही 'त्यांचे' उमेदवार धरले जाता. त्यांनी ओके मागितलं ते त्यासाठीच. एकाच माणसाचा थेट अर्ज पण आहे आणि कन्सल्टन्सीचा दावा पण आहे असं झालं की एचआरला आधी तो वाद मिटवावा लागतो, आणि तेवढ्या लफड्यापेक्षा पुढचा रेझ्युमे उघडणं सोपं असतं.

निकाल

शुक्रवारी अ मॅडमचा फोन आला. आवाज कोरडा होता असं सुनील म्हणाला. पहिलाच प्रश्न, "आणखी कोणाकोणाला पाठवलंय?" त्याने सगळं सांगितलं, क सर, कॉमन आयडी, आणि कन्सल्टन्सी, तिला ओके दिलेलं नाही हेपण. त्यावर मॅडम म्हणाल्या, ते देऊ पण नका. पुढे बोलणं सरळ कामावर आलं. मॅडम म्हणाल्या चाकणची प्रोसेस मी करते, नाशिकचं त्यांचं ते बघतील, तुम्ही आता कोणाला नवीन मेल करू नका, काही असेल तर याच धाग्यात लिहा.

चाकणचा पहिला राऊंड व्हिडिओवर झाला, दुसऱ्याला प्लांटवर बोलावलं, तिथे तो पडला. मेलचा काही संबंध नव्हता, त्यांना सुट्या भागांची मापं अचूक घेणारं सीएमएम मशीन चालवलेला आणि ग्राहकाकडून भाग मंजूर करून घ्यायची पीपॅपची कागदपत्रं केलेला माणूस हवा होता, पाईपच्या कारखान्यात या दोन्हीशी गाठ पडत नाही. पण प्लांटवाल्यांनी नोंदीत लिहिलं की बेसिक चांगलं आहे, मोजमापाची समज आहे, नवखा म्हणून चालेल. महिन्याभराने नाशिकला एक जागा निघाली तेव्हा ब सरांनी तीच नोंद वाचून बोलावलं, एकच राऊंड घेतला आणि 4.6 लाखांवर ऑफर दिली. ऑफरच्या वेळी ते म्हणाले की तुमच्या नावापुढे सगळीकडे 5 लिहिलंय, पण आमचा बँड इथपर्यंतच आहे. सुनीलने घेतली. वडील खूश.

आता हे त्या एका मेलमुळे झालं असं मी म्हणणार नाही. जागा निघाली म्हणून झालं. मेलने इतकंच केलं की जागा निघाली तेव्हा त्याच्या नावापुढे कोणी काही वाकडं लिहिलेलं नव्हतं.

क सरांचं उत्तर आजवर नाही. कॉमन आयडीवरून ऑटो रिप्लाय आला होता, बस. कन्सल्टन्सीवाला जरा नाराज झाला, मग दोन महिन्यांनी त्यानेच दुसऱ्या कंपनीसाठी फोन केला.

वेगळं काय करता आलं असतं

मुळात बुधवारी संध्याकाळी पाच आयडी गोळा झाले तिथेच थांबून बघायला हवं होतं की यातला कोण माझ्या जागेचा मालक आहे. जाहिरातीवर अ मॅडमचं नाव होतं, म्हणजे चाकणसाठी त्या. नाशिकची तेव्हा जाहिरात नव्हती, म्हणजे ब सरांना पाठवायचा मेल अर्जाचा नव्हताच, विचारपूस होती, 'नाशिकला क्वालिटीत काही निघणार असेल तर माझा विचार व्हावा.' दोन वेगळी कामं होती, दोन वेगळे मेल लागत होते. तो एकच मजकूर कॉपी झाल्यामुळे नाशिकच्या सरांना 'आदरणीय मॅडम' म्हणून मेल गेला, त्यांनी मनावर घेतलं नाही हे नशीब.

क्रम असा ठेवता आला असता. आधी साईटवर फॉर्म भरायचा, तिथून अर्ज क्रमांक मिळतो. मग अ मॅडमना एकटीला मेल, विषयात पदाचं नाव, ठिकाण आणि तो क्रमांक, म्हणजे त्यांना शोधायला सोपं. त्याच दिवशी ब सरांना वेगळा छोटा मेल आणि त्यात एक ओळ, 'चाकणच्या जागेसाठी अ मॅडमकडे अर्ज केला आहे.' ही ओळ असली की बीसीसीची गरजच संपते, लपवायला काही उरतच नाही. क सरांना लगेच पाठवायचं कारण नव्हतं. आठ-दहा दिवस मॅडमकडून काहीच आलं नाही तर आधी त्यांनाच त्याच धाग्यात एक आठवण, आणि त्यानंतरही शांतता असेल तर क सरांना, ते पण 'उत्तर देत नाहीत' असा सूर न लावता, फक्त अर्ज क्रमांक देऊन की योग्य माणसाकडे पाठवाल का.

सीसी कुठे शोभला असता तर त्या गावातल्या काकांच्या बाबतीत. त्यांनी ब सरांचा आयडी दिला होता, त्यांना विचारून ब सरांच्या मेलमधे त्यांना सीसीत ठेवलं असतं तर ओळख आपोआप कळली असती. विचारून मात्र, न विचारता कोणाचं नाव टाकायचं नाही. आणि ब सरांचं उत्तर आल्यावर पुढच्या मेलला 'काकांचे आभार, त्यांना आता बीसीसीत घेतोय' असं लिहून काकांना बीसीसीत सरकवायचं, म्हणजे ते उत्तर काकांना पोचतं आणि त्यानंतरच्या पगाराच्या, तारखांच्या मेलांतून ते सुटतात. नोकरीच्या मेलमधे बीसीसीचा मला पटणारा वापर हाच, सांगून केलेला.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. जीमेलच्या सेटिंगमधे पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, मुळात ती 5 सेकंदच असते. तेवढ्यात वरच्या ओळीतले आयडी एकदा '@' च्या पुढे वाचून होतात. सुनीलने ते आता 30 वर ठेवलंय.